इंटर्नशिपला निवड झाल्याची पोस्ट: मसुदा बघून द्याल का?

तिसरं_वर्ष_मेक
नमस्कार मंडळी. मी इंदूरला मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. उन्हाळ्यात आठ आठवड्यांसाठी पिथमपूरच्या एका कंपनीत, क्वालिटी विभागात, इंटर्न म्हणून माझी निवड झाली आहे. कंपनी गाड्यांचे सुटे भाग बनवते. लिंक्डइनवर पोस्ट टाकायची आहे. वाचणारे म्हणजे आमचे सर, कॉलेजचे माजी विद्यार्थी, कंपनीतली मंडळी आणि पुढे कधीतरी नोकरी देणारे. फुशारकी वाटू नये, पण कुणाचे आभार राहूनही जाऊ नयेत. मसुदा इंग्रजीत आहे, इथे त्याचं मराठी देते:

"मला हे जाहीर करताना अतिशय आनंद होत आहे आणि अत्यंत नम्रपणे सांगावंसं वाटतं की देवाच्या कृपेनं आणि आपणा सर्वांच्या आशीर्वादानं माझी (कंपनी) मध्ये समर इंटर्न म्हणून निवड झाली आहे! दीडशे अर्जांतून निवडलेल्या दोघांपैकी मी एक. मी एक साधी विद्यार्थिनी आहे, हे सगळं केवळ नशीब. तिथे मी (ग्राहक कंपनी) च्या येऊ घातलेल्या गाडीच्या ब्रेकच्या भागांच्या तपासणीवर काम करणार आहे. माझे मार्गदर्शक क सर, ख सर, ग मॅडम, घ सर, वर्कशॉपचे च सर, सीनियर छ दादा, एचआरच्या ज मॅडम, आईबाबा आणि सर्व मित्रमैत्रिणींचे मनापासून आभार. प्रवास सोपा नव्हता."

खाली ऑफर लेटरचा फोटो आणि बारा हॅशटॅग. काय बदलू?

जीरावन
अभिनंदन! मसुद्यातला 'प्रवास सोपा नव्हता' हा राजवाडा ते पिथमपूर बसचा असेल तर तेवढं वाक्य राहू द्या, भिया.

रामबागची_मावशी
खूप खूप अभिनंदन गं. ही ती पंतप्रधानांची इंटर्नशिप योजना का, ज्यात महिन्याला पैसे मिळतात? तसं असेल तर पोस्टमध्ये योजनेचं नाव घालच. माझ्या पुतण्यालाही भरायचा आहे फॉर्म, लिंक दे.

सुदामानगर
मावशी, ती वेगळी. ती २०२४ च्या ऑक्टोबरात सुरू झाली, तेव्हा बारा महिन्यांची होती आणि पूर्णवेळ शिकणाऱ्यांना त्यात भाग घेता येत नव्हता. वयाची अट तेव्हा २१ ते २४ होती, पुतण्यानं आताच्या अटी पोर्टलवर बघाव्यात. ही मुलगी तिसऱ्या वर्षाला आहे, तिची कंपनीची स्वतःची उन्हाळी इंटर्नशिप दिसते.

ग्रोथवाला
मसुदा ठीक आहे. फक्त पोहोच वाढवायची तर काही गोष्टी करा. हॅशटॅग बाराचे वीस करा. जेवढ्या लोकांना टॅग कराल तेवढ्यांच्या ओळखीच्यांपर्यंत पोस्ट जाते, म्हणून पन्नासेक जण टॅग करा, कंपनीच्या डायरेक्टरना पण. आणि पहिली ओळ महत्त्वाची, कारण फोनवर साधारण पहिल्या तीन ओळीच दिसतात, बाकीचं 'पुढे वाचा' दाबल्यावर उघडतं.

क्यूए_पिथमपूर
ग्रोथवाले, तुमची शेवटची गोष्ट बरोबर आहे, आधीच्या दोन नाहीत. त्याकडे येतोच.

मी वाहन उद्योगाच्या पुरवठादारांकडे क्वालिटीत काम करतो, म्हणून आधी जे सगळ्यात धोक्याचं आहे ते सांगतो. ते नम्रतेत नाही, चौथ्या वाक्यात आहे. "अमुक ग्राहक कंपनीच्या येऊ घातलेल्या गाडीच्या ब्रेकच्या भागांवर काम करणार" हे वाक्य पोस्टमधून आजच काढ.

कारण असं. सुटे भाग बनवणारी कंपनी आणि गाडी बनवणारी कंपनी यांच्यात गोपनीयतेचा करार असतो. कोणत्या गाडीचा कोणता भाग कोणाकडे बनतोय ही माहिती गाडी बाजारात येईपर्यंत बऱ्याचदा त्या करारात बसते. तुला मुलाखतीत कुणी तोंडी सांगितलं असेल की या प्रकल्पावर टाकू, ते तुझ्यासाठी होतं. ते जाहीर झालं तर ग्राहकाचा फोन तुझ्या व्यवस्थापकाला येतो, तुला नाही. त्याला रुजू होण्याआधीच तुझ्याबद्दल स्पष्टीकरण द्यावं लागतं. एवढंच लिही की क्वालिटी विभागात मोजमाप आणि तपासणीचं काम शिकणार आहे. जाणकाराला तेवढ्यानं पुरेसं कळतं.

पुढे रुजू झाल्यावरही हेच लक्षात ठेव. शॉप फ्लोअरवर फोटो काढताना मागच्या फळ्यावर भागाचा ड्रॉइंग नंबर, ग्राहकाचं नाव, त्या दिवसाचा रिजेक्शनचा आकडा लिहिलेला असतो. पुष्कळ कारखान्यांत म्हणूनच आत फोन नेऊ देत नाहीत.

एचआरच्या_बाजूनं
त्या ऑफर लेटरच्या फोटोबद्दल बोलते. पत्रावर तुझा पत्ता, फोन नंबर, पत्राचा क्रमांक, स्टायपेंडचा आकडा, सही करणाऱ्याचं नाव, कधीकधी क्यूआर कोड असतो. नाव झाकून बाकी उघडं ठेवलं तरी उपयोग नाही. पत्राचा नमुना आणि सही मिळाली की त्यावरून दुसऱ्याच्या नावानं खोटं पत्र करता येतं आणि इंटर्नशिपच्या नावाखाली पैसे उकळणारे लोक नेमके असेच नमुने शोधत असतात. शिवाय स्टायपेंड दुसऱ्या कॉलेजच्या इंटर्नला वेगळा असला तर कंपनीत कुरबुर होते.

दुसरी गोष्ट वेळेची. तुझ्या हातात नक्की काय आहे? 'तुमची निवड झाली आहे' अशी मेल, की सही करून परत पाठवलेलं पत्र? मेलमध्ये बहुतेकदा तळाला लिहिलेलं असतं की निवड कागदपत्रांच्या तपासणीवर आणि कॉलेजच्या ना हरकत पत्रावर अवलंबून आहे. ते पत्र कॉलेजातून निघायला वेळ लागतो, परीक्षेच्या तारखा हलल्या तर रुजू होण्याची तारीखही हलते. म्हणून पत्रावर सही करून पाठवली, त्यांच्याकडून पोच आली आणि तारीख ठरली, की मग पोस्ट.

तिसरं_वर्ष_मेक
मेल आली आहे, पत्र पण आलं आहे, सही करून पाठवलं. ना हरकत पत्र विभागप्रमुखांकडे आहे. म्हणजे थांबू?

एचआरच्या_बाजूनं
थांब. पोस्ट आठवडाभर उशिरा गेली तर कुणाचं काही बिघडत नाही, पण आधी टाकून मग काढावी लागली की सगळ्यांच्या लक्षात येतं. आणि पोस्ट गेल्यावर एक होईल, त्याची आधीच तयारी ठेव. कंपनीच्या नावाशी मिळत्याजुळत्या पत्त्यावरून मेल येऊ शकते की नोंदणीचे किंवा लॅपटॉपच्या अनामतीचे पैसे भरा. पैसे मागणारी मेल आली की ती खोटी समज. ज्या पत्त्यावरून तुला खरं पत्र आलं होतं, त्याच पत्त्यावर विचारून घे.

जीरावन
मी तर म्हणतो रुजू झाल्याच्या दिवशीच टाकावी. गेटपास गळ्यात, मग पोस्ट.

एचआरच्या_बाजूनं
तेही चालतं, काहीजण तसंच करतात. फक्त गेटपासचा फोटो नको, त्यावरही नंबर असतो.

निवृत्त_मास्तर
मी तांत्रिक शिक्षणात आयुष्य घालवलं, लिंक्डइनवर नाही. पण आभारांचा परिच्छेद वाचून राहवेना.

बाई, तुमच्या यादीत सात माणसं आहेत आणि एकाचंही काम लिहिलेलं नाही. क सरांनी काय केलं? ख सरांनी काय केलं? वाचणाऱ्याला वाटतं की कॉलेजातली सगळी नावं उतरवून काढली. क सरांनाही तसंच वाटेल. आभार मानायचे तर माणसामागे एक काम लिहा, आणि काम असं लिहा की ते दुसऱ्या कुणाच्या नावापुढे बसणार नाही. ज्यांचं असं काम आठवत नाही त्यांचे आभार प्रत्यक्ष भेटून माना, तिथे यादी कितीही लांब चालते.

दुसरं, 'केवळ नशीब'. ही नम्रता नव्हे. ज्यांनी मुलाखत घेऊन तुम्हाला निवडलं, त्यांनी चिठ्ठ्या टाकल्या असं तुम्ही म्हणता आहात. आणि ज्या सरांनी शिकवलं त्यांचे आभार दोनच वाक्यांनंतर. नशिबानं झालं असेल तर सरांनी काय केलं?

सुदामानगर
मास्तरांशी सहमत, पण एक शंका. 'दीडशेतून दोघांपैकी मी एक' हे खरं असेल तर लिहायला काय हरकत? नोकरी देणाऱ्याला आकडा आवडतो.

क्यूए_पिथमपूर
आकडा आवडतो, पण तो तिनं स्वतः तपासलेला आहे का? दीडशे हा आकडा कुठून आला? कॉलेजच्या ग्रुपवर कुणीतरी टाकला असेल. कंपनीनं लेखी दिला असेल तर गोष्ट वेगळी. आणि त्यात न निवडलेल्या एकशे अठ्ठेचाळीसांत तिच्याच वर्गातलेही असतील, ते तिची पोस्ट वाचणार आहेत.

आकडा द्यायचाच तर स्वतःच्या कामाचा द्यावा. @तिसरं_वर्ष_मेक, मुलाखतीत तुला कशावर विचारलं? आणि वर्कशॉपच्या च सरांचे आभार नेमके कशासाठी?

तिसरं_वर्ष_मेक
मुलाखतीत बराचसा वेळ आमच्या मिनी प्रोजेक्टवरच गेला. आम्ही तिघांनी लेथवर केलेल्या बुशचा बाहेरचा व्यास मायक्रोमीटरनं मोजून गेज आर अँड आर केलं होतं, म्हणजे मोजमापांतला किती फरक मोजण्यामुळेच येतो ते तपासलं होतं. दहा बुश, तिघं मोजणारे, प्रत्येकानं प्रत्येक बुश तीनदा. पहिल्यांदा ३४ टक्के आलं. क सरांना वाटलं मायक्रोमीटरच खराब आहे. च सर वर्कशॉपमध्ये लॅब असिस्टंट आहेत, ते बाजूला उभं राहून बघत होते. त्यांनी दाखवलं की आम्ही तिघंही ठरावीक जोरानंतर घसरणारं टोकाचं रॅचेट न वापरता सरळ थिंबल आवळतोय आणि प्रत्येकाचा जोर वेगळा. रॅचेटनं, बुश व्ही-ब्लॉकवर ठेवून, सगळी मोजमापं नव्यानं घ्यायला लावली. मग १८ टक्के आलं.

पण हे पोस्टमध्ये कशाला? कंटाळवाणं होईल ना?

क्यूए_पिथमपूर
हेच तर पोस्टमध्ये पाहिजे. तुझ्या मसुद्यात सगळ्यात कामाची गोष्ट नव्हतीच, ती तू विचारल्यावर सांगितलीस.

कारण सांगतो. क्वालिटीतला माणूस हे वाचेल तेव्हा त्याला दहा भाग, तीन माणसं, तीन वेळा ही मांडणी ओळखीची असते, कारखान्यातही हीच नव्वद मोजमापं घेतात. म्हणजे तुला काय येतं हे 'मला मोजमापाची आवड आहे' असं न लिहिताच कळतं. ३४ हा आकडा तीसच्या वर आहे, म्हणजे ती मोजण्याची पद्धत कामाची नव्हती. १८ हा दहा आणि तीसच्या मधला, म्हणजे भाग किती महत्त्वाचा आहे ते बघून चालवून घेतात. दहाच्या खाली आलं असतं तर निर्धास्त. तर तू लिहायचंस की १८ वर आणलं आणि दहाच्या खाली अजून आलेलं नाही. नम्रता तिथे आपोआप आली. 'मी साधी विद्यार्थिनी' म्हणायची गरजच उरली नाही.

आणि च सरांचे आभार असे मानले की ते दुसऱ्या कुणाला देता येणार नाहीत. मास्तर म्हणाले तेच.

दोन धोके मात्र आहेत. एक, हे लिहिलंस की पुढच्या प्रत्येक मुलाखतीत यावर प्रश्न येणार. सुधारणा पुन्हा मोजण्यातल्या फरकात झाली की माणसामाणसांतल्या फरकात, हे तुझ्या तक्त्यात वेगवेगळं दिसत असेल, ते बघून ठेव. तू सांगितलेल्या कारणावरून मोठा भाग माणसामाणसांतला असायला हवा, कारण तिघांचा जोर वेगळा होता. तक्ता उलटं सांगत असेल तर कारण दुसरंच काहीतरी आहे आणि मग पोस्टमधलं वाक्य बदलावं लागेल. दोन, 'आम्ही' च्या जागी 'मी' येऊ देऊ नकोस. मोजणारे तिघं होते.

मीनल_वि
तिघं होते यावर एक विचारू? बाकी दोघांनीही याच कंपनीत अर्ज केला होता का?

तिसरं_वर्ष_मेक
एकीनं केला होता. तिचं झालं नाही.

मीनल_वि
मग तिला आधी विचार. नाव घातलं नाही तर काम हडपल्यासारखं होतं आणि न विचारता टॅग केलं तर तिच्या ओळखीच्या सगळ्यांना कळतं की हिचं झालं आणि तिचं नाही. नाव टॅग न करता नुसतं लिहिलं तर तो मधला मार्ग आहे, पण तोही तिला विचारूनच.

पाटणीपुरा
माझ्या मुलाचं पण असंच झालं. त्यानं पिथमपूरलाच अप्रेंटिस लागल्याची पोस्ट टाकली, त्यात इंटर्न लिहिलं, तर नातेवाईक म्हणाले की इंटर्न म्हणजे फुकट काम. मी म्हणतो दोन्ही एकच, काय फरक पडतो? अप्रेंटिसच लिहावं, वजन पडतं.

एचआरच्या_बाजूनं
काका, दोन्ही एक नाहीत. अप्रेंटिस हा १९६१ च्या कायद्याखाली असतो, त्याचा करार सरकारी पोर्टलवर नोंदवतात, स्टायपेंडची किमान रक्कम ठरलेली असते. या मुलीची उन्हाळी इंटर्नशिप तशी नाही. तिनं अप्रेंटिस लिहिलं तर पुढे पडताळणीत कंपनी म्हणेल की असा कुणी आमच्याकडे नव्हता. तुमच्या मुलानं मात्र इंटर्न लिहून स्वतःचंच नुकसान केलं, त्याच्या प्रोफाइलवर दुरुस्त करायला सांगा. पत्रावर जे पद छापलं आहे तेच, अक्षरशः तेच, पोस्टमध्ये आणि प्रोफाइलवर.

पाटणीपुरा
बरं, सांगतो त्याला. तो ऐकेल तेव्हा.

ग्रोथवाला
माझ्या टॅगच्या सल्ल्याला चूक म्हटलंत, का ते सांगितलं नाहीत.

क्यूए_पिथमपूर
सांगतो. टॅग केलं की त्या माणसाला सूचना जाते. ज्याचा पोस्टशी संबंध नाही त्याला ती गेली की तो वैतागतो किंवा टॅग काढून टाकतो. तो डायरेक्टर असेल तर पहिली ओळख अशी व्हायला नको. पन्नास निळी नावं ओळीनं दिसली की वाचणारा आभारांचा परिच्छेद सरळ ओलांडतो, म्हणजे च सरांचं नाव कुणी वाचतच नाही. ज्यांचं काम लिहिलं आहे तेवढ्यांनाच टॅग, आणि कंपनीच्या अधिकृत पानाला एकदा. हॅशटॅग दोनतीन पुरेत.

बाकी पहिल्या तीन ओळींबद्दल तुमचं म्हणणं खरं आहे आणि तिच्या मसुद्यात तिथेच घोळ आहे. आनंद, नम्रता, देवाची कृपा आणि आशीर्वाद यांतच त्या ओळी संपतात. कंपनी आणि काम 'पुढे वाचा'च्या मागे जातं.

ग्रोथवाला
टॅगनं पोहोच वाढते हे मी अजूनही म्हणेन. पण तिला पोहोच हवी आहे की नाही हा मुद्दा निराळा, मान्य.

एचआरच्या_बाजूनं
एचआरच्या ज मॅडमबद्दल राहिलं. त्यांनी तुझं काम केलं, ते त्यांचं कामच आहे. त्यांचे आभार मेलवर मान. पोस्टमध्ये नाव टॅग केलंस की दुसऱ्या दिवसापासून अनोळखी विद्यार्थ्यांचे बायोडेटा त्यांच्या इनबॉक्समध्ये. मुलाखत घेणाऱ्यांचंही तेच, त्यांची नावं आणि त्यांनी विचारलेले प्रश्न दोन्ही नकोत. 'निवड समितीचे आभार' एवढं पुरे.

आणि सीनियर छ दादानं नक्की काय केलं? त्यानं तुझं नाव आत सुचवलं असेल तर ते जाहीर लिहू नकोस. कंपनीत नाव सुचवणं गैर नाही, पण पोस्टमध्ये वाचणाऱ्याला वाटतं की वशिल्यानं झालं, आणि दादाकडेही रांग लागते.

तिसरं_वर्ष_मेक
नाही, दादानं सराव मुलाखत घेतली आणि माझं उत्तर लांबलं की मध्येच थांबवायचा. नाव सुचवलं नाही, तो दुसऱ्याच कंपनीत आहे.

आणि च सर लिंक्डइनवर नाहीत. त्यांना कसं टॅग करणार?

निवृत्त_मास्तर
पूर्ण नाव आणि पद लिहा, बरोबर लिहा. 'लॅब असिस्टंट' हेच पद असेल तर तेच, उगाच 'तंत्रज्ञ' वगैरे करून मोठं करू नका. सरांच्या नावामागे डॉक्टर लागतं की प्राध्यापक, ते विभागाच्या पाटीवर बघून घ्या. मग पोस्टचा स्क्रीनशॉट छापून त्यांना नेऊन द्या, विभागप्रमुखांनाही एक द्या. असिस्टंट मंडळींच्या कामाची दखल लेखी येत नाही, ती प्रमुखांच्या टेबलावर पोचली तर त्यांच्या उपयोगाची असते.

मीनल_वि
मास्तर, एक अडचण. क सरांना वाटलं मायक्रोमीटर खराब आहे, आणि असिस्टंट सरांनी खरं कारण दाखवलं. पोस्टमध्ये हे आलं तर क सर पडतात ना?

निवृत्त_मास्तर
सरांना काय वाटलं होतं ते लिहायचं कारणच नाही. त्यांनी विषय दिला, अहवाल तपासला, ते लिहा. खरं तेच लिहा म्हणजे सगळंच लिहा असं नाही.

तिसरं_वर्ष_मेक
नवा मसुदा. मैत्रिणीला विचारलं, ती म्हणाली नाव घाल, टॅग नको. तक्ताही पाहिला. माणसामाणसांतला फरक खूप उतरला, पुन्हा मोजण्यातला थोडासाच.

"मे महिन्यापासून आठ आठवडे मी पिथमपूरच्या (कंपनी) मध्ये, क्वालिटी विभागात, समर इंटर्न म्हणून काम शिकणार आहे. संधीबद्दल निवड समितीचे आभार.

इथवर येण्यात तिघांचा थेट हात आहे. (क सर) यांनी मोजमाप-पद्धतीचा अभ्यास हा विषय मिनी प्रोजेक्टसाठी सुचवला आणि अहवालातला प्रत्येक तक्ता तपासला. लॅब असिस्टंट (च सर) यांनी दाखवून दिलं की आम्ही तिघं मायक्रोमीटर तीन वेगळ्या जोरानं आवळतोय, आणि नव्वद मोजमापं रॅचेट वापरून पुन्हा घ्यायला लावली. त्यानंतर आमचं गेज आर अँड आर ३४ टक्क्यांवरून १८ वर आलं. (छ दादा) यांनी सराव मुलाखत घेऊन थोडक्यात उत्तर द्यायला शिकवलं.

मोजमापं (मैत्रीण), (मित्र) आणि मी मिळून घेतली. दहा टक्क्यांच्या खाली आम्ही अजून गेलेलो नाही. रोज हजारो भाग बनत असताना कारखान्यात हे कसं सांभाळतात, ते बघायचं आहे."

क्यूए_पिथमपूर
उत्तम. एकच शब्द खटकतो, 'हजारो'. तो आकडा तुला माहीत नाही आणि तिथल्या उत्पादनाबद्दल आधीच काही बोलू नये. 'रोजचं उत्पादन चालू असताना' कर.

निवृत्त_मास्तर
आईबाबा गेले की यादीतून.

तिसरं_वर्ष_मेक
सर, त्यांचं काम एका वाक्यात बसेना. आणि बाबा म्हणाले, मला कशाला ऑफिसात ओढतेस.

सुदामानगर
माझं मत वेगळं. एक ओळ घरच्यांसाठी ठेवली तर कुणाचं काय जातं? आपल्याकडे घरच्यांचे आभार नसले की उलट कोरडं वाटतं.

एचआरच्या_बाजूनं
ठेवली तरी चालेल, नाही ठेवली तरी चालेल. मी वाचते तेव्हा त्या ओळीवर अडत नाही.

मीनल_वि
फोटो कुठला लावणार? ऑफर लेटर तर गेलं.

तिसरं_वर्ष_मेक
व्ही-ब्लॉकवर ठेवलेला बुश आणि मायक्रोमीटर, कॉलेजच्या वर्कशॉपमधला. चालेल?

क्यूए_पिथमपूर
चालेल, कॉलेजचाच भाग आहे. पण फोटोत मायक्रोमीटर रॅचेटनंच धरलेला आहे ना, ते झूम करून बघ. मजकुरात रॅचेट आणि फोटोत बोटं थिंबलवर असं झालं तर पिथमपूरचे निम्मे क्वालिटीवाले खाली तेच लिहितील. आणि फोटो नीट बघूनच टाक. मजकूर नंतर दुरुस्त करता येतो, त्यावर 'एडिटेड' दिसतं एवढंच. फोटो बदलायचा तर पोस्ट काढून नव्यानं टाकावी लागते.

जीरावन
बघा बघा, बोटं कुठे आहेत?

तिसरं_वर्ष_मेक
थिंबलवर. उद्या वर्कशॉप उघडलं की नवा काढते.

एचआरच्या_बाजूनं
पिथमपूर धार जिल्ह्यात आहे हेही ध्यानात असू दे. प्रोफाइलवर ठिकाण भरताना पत्रावर जे आहे ते भर, सवयीनं इंदूर नको. आणि प्रोफाइलमधली नोंद रुजू झाल्यावरच कर, तेव्हा नेटवर्कला कळवायचं बटण बंद ठेव, नाहीतर पोस्टनंतर महिन्याभरानं सगळ्यांना पुन्हा अभिनंदनाची सूचना जाईल.

ग्रोथवाला
ते बटण चालू ठेवावं असं माझं मत, पण जाऊ द्या.

रामबागची_मावशी
पुतण्या बावीस वर्षांचा आहे, घरीच आहे. पोर्टलवर आधार मागतात का?

सुदामानगर
मागतात मावशी. त्यासाठी वेगळा धागा काढा, तिथे सविस्तर सांगतो.